मोलस्कमचे दाणे लाल होऊन सुजले, फोडायचे का?

मुलगा ५ वर्षांचा आहे, आम्ही धुळ्याला राहतो. काखेत आणि बरगडीवर छोटे गुळगुळीत दाणे आलेत, मधे खळगा आहे. स्किनच्या डॉक्टरांनी मोलस्कम सांगितलं आणि काही करू नका, आपोआप जाईल म्हणाले. सहा महिने झाले, आता चार-पाच दाणे लाल होऊन सुजलेत. सासूबाई म्हणतात पिकलेत, फोडून टाका. काय करू?

ताई, फोडू नका. आणि मेडिकलवरून अँटिबायोटिकची बाटली आणून स्वतःच सुरू पण करू नका. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, जळगावला प्रॅक्टिस करते, आणि हा प्रश्न घेऊन आईवडील नेमके याच टप्प्यावर येतात, म्हणजे इतके महिने दाणे शांत होते तेव्हा नाही, तर लाल झाल्यावर घाबरून येतात. बहुतेक वेळा हा लालपणा म्हणजे दाणे जायला लागल्याची खूण असते. तुमच्या मुलाला मी बघितलेलं नाही, म्हणून खरं इन्फेक्शन कसं ओळखायचं तेही खाली लिहिते, पण आधी हे दाणे इतके दिवस नुसते बसून का राहतात ते सांगते म्हणजे बाकीचं लक्षात येईल.

मोलस्कम एका व्हायरसमुळे होतो. हा व्हायरस देवी रोगाच्या व्हायरसच्या कुटुंबातला आहे, पण देवीसारखा धोका त्याच्यात अजिबात नाही. तो फक्त कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात राहतो, रक्तात जात नाही, आतल्या कुठल्या अवयवात जात नाही. म्हणून ताप नाही, अंगदुखी नाही, रक्त तपासून काही सापडत नाही आणि पोटात घ्यायच्या गोळ्यांनी फरक पडत नाही. कधी बॅटरीचा उजेड बाजूने पाडून एखादा दाणा नीट बघा, वरून चकचकीत, बोटाला गुळगुळीत, मधल्या खळग्यात आत पांढरट काहीतरी दिसतं. तो पांढरा मऊ गोळा म्हणजे व्हायरसने भरलेल्या पेशी, आणि दाणा फुटला की तोच बाहेर येऊन आजूबाजूच्या कातडीला लागतो. शरीराची पहारा देणारी यंत्रणा थोडी खालच्या थरात आणि रक्तात असते, वर दाण्यात काय चाललंय याचा तिला पत्ता लागत नाही, वर हा व्हायरस अशी प्रोटीनं बनवतो की आजूबाजूच्या पेशींनी धोक्याचा इशारा द्यायचा तो दिलाच जात नाही. म्हणून महिनोन्‌महिने दाणा आहे पण भोवती लाली नाही, सूज नाही, दुखत नाही.

मग कधीतरी, एखादा दाणा खाजवल्याने किंवा आपोआप थोडा उघडतो आणि आतला माल खालच्या थराच्या संपर्कात येतो, आणि शरीराला कळतं की हे काय आहे. एकदा कळलं की मग ते एकाच दाण्यावर थांबत नाही, दोन-चार दाणे पाठोपाठ लाल होतात, सुजतात, कधी टोकाला पिवळट दिसतं, खपली धरते आणि काही आठवड्यांत सपाट होतात. आम्ही डॉक्टर लोक याला शेवटाची सुरुवात म्हणतो. पिवळट दिसलं म्हणून तिथे जंतूंचा पूच असेल असं नाही, तिथे आपल्याच पांढऱ्या पेशी जमलेल्या असतात.

आता फरक कसा ओळखायचा. जायला लागलेला दाणा लाल असतो पण लाली त्या दाण्यापुरतीच किंवा त्याच्या अगदी काठापुरती असते, मूल खेळतंय, जेवतंय, ताप नाही, हात लावला तर थोडं खाजतं किंवा किंचित दुखतं एवढंच. खऱ्या जंतूच्या इन्फेक्शनमध्ये लाली दाण्याच्या बाहेर पसरते आणि रोज वाढते, जागा गरम लागते, दुखणं वाढत जातं, मूल काखेला हात लावू देत नाही, ताप येतो, किंवा मधासारखी पिवळी चिकट खपली धरून पाणी सुटतं. सोपा उपाय सांगू का, बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढून ठेवा, दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या बाहेर गेली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. रेघेच्या आतच आहे आणि मूल मजेत आहे, तर थांबा.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. अमळनेरकडच्या एका गावातली सहा वर्षांची मुलगी, काखेत आणि छातीच्या बाजूला वीसेक दाणे. सोबत आजी, ती आत आल्या आल्या म्हणाली, "डॉक्टर, हाई काय व्हयनं पोरले?" आजीने चामखीळ समजून दोन दाण्यांवर बिब्बा लावला होता. आपल्याकडे चामखिळीला बिब्बा, चुना, रुईचा चीक हे सगळं लावतात, आजीने मायेनेच केलं, पण बिब्ब्याने त्या दोन जागा भाजून फोड आले होते. बाकीच्यातले पाच दाणे लाल होते आणि त्यासाठी गावात अँटिबायोटिकचा एक कोर्स होऊन गेला होता, लाली काही गेली नव्हती, जाणारही नव्हती कारण तिथे मारायला जंतूच नव्हते. मी भाजलेल्या जागेला मलम दिलं आणि दाण्यांना हात लावला नाही. आईला सांगितलं दर रविवारी सकाळी दारातल्या उजेडात त्याच जागेचा मोबाईलवर फोटो काढा, रोज बघू नका, रोज बघितलं की काहीच बदलत नाही असं वाटतं. महिनाभरात ते पाच लाल दाणे सपाट झाले, तपकिरी डाग राहिले जे हळूहळू फिके होतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत बाकीचेही तसेच लाल होऊन गेले. बिब्ब्याच्या दोन जागांवर मात्र कायमचे व्रण राहिलेत.

आम्ही डॉक्टर "काही करू नका" म्हणतो त्याचं एक मोठं कारण हेच आहे. मोलस्कम स्वतः क्वचितच खूण ठेवतो, ठेवलीच तर बारीक खळगा, पण त्याला जाळायच्या, गोठवायच्या, खरवडायच्या नादात जे व्रण किंवा पांढरे-काळे डाग पडतात ते राहू शकतात आणि आपल्या सावळ्या कातडीवर जास्त दिसतात. दुसरं कारण असं की आज दिसणारे सगळे दाणे काढले तरी आजार संपला असं होत नाही. व्हायरस लागल्यापासून दाणा दिसायला साधारण २ ते ७ आठवडे लागतात, कधी सहा महिनेसुद्धा, म्हणजे कपाशीचं बी टोचलेलं असतं पण कोंब वर आलेला नसतो. मग काय होतं, पोराला धरून, रडवून पंधरा दाणे काढले, आईबाप घरी गेले आणि पुढच्या महिन्यात शेजारी सात नवीन, आणि ते म्हणतात डॉक्टरने नीट काढलं नाही. तसं नसतं, ते आधीच पेरलेले असतात. २०१७ मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेने तोवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला तेव्हा कुठलाही एक उपचार खात्रीने चांगला आहे असं म्हणण्याइतका पुरावा मिळाला नव्हता. त्यानंतर अमेरिकेत एक-दोन औषधांना मंजुरी मिळाली आहे, पण वाट बघणं हा आजही अगदी योग्य पर्याय आहे.

वाट म्हणजे किती, ते मात्र खरं सांगायला हवं, कारण "आपोआप जाईल" ऐकून लोकांना वाटतं पंधरा दिवसांत जाईल. ब्रिटनमधल्या मुलांच्या २०१५ च्या अभ्यासात पूर्ण जायला सरासरी १३ महिने लागले होते, आणि साधारण १० पैकी ३ मुलांना दीड वर्षानंतरही दाणे होते. त्या हिशोबाने तुमचे सहा महिने जास्त नाहीत. एकेक दाणा काही महिन्यांत जातो पण मधे नवीन येत राहतात म्हणून एकूण काळ लांबतो. गेल्यावर हा व्हायरस अंगात लपून बसत नाही, ही चांगली गोष्ट. परत झाला तर तो बाहेरून नवीन लागलेला असतो.

या काळात काम खरं खाजेवर करायचं. बऱ्याच मुलांना दाण्यांच्या आसपास कोरडी, खरखरीत, खाजरी चट्टी उठते, मूल तिथे खाजवतं आणि नखाने व्हायरस पुढे नेतं, कधी तर नखाच्या ओरखड्याच्या रेषेतच दाणे ओळीने उठलेले दिसतात. म्हणून नखं बारीक ठेवा, अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन लावा, उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा घामाने खाज वाढते तर सुती सैल बनियन घाला. खाजरी चट्टी फार असेल तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड क्रीम थोडे दिवस देतात, ते चालतं, त्याने मोलस्कम फोफावेल म्हणून घाबरू नका. पण मेडिकलवर नायट्यासाठी जी तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब सर्रास मिळते ती लावू नका, तिच्यात बऱ्याचदा जोरदार स्टिरॉइड असतं आणि काखेत कातडी पातळ होते. टॉवेल आणि अंघोळीचा स्पंज त्याचा वेगळा ठेवा, भावंडं असतील तर एकाच टबात बसवू नका. शाळा बंद करायची गरज नाही, दाणे कपड्याखाली झाकलेले असले की पुरे. पोहायला जात असेल तर वर वॉटरप्रूफ पट्टी लावा.

थांबू नये अशा जागा पण आहेत. पापणीच्या कडेला दाणा असेल आणि डोळा सारखा लाल होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, तो दाणा काढावा लागतो. दाणे खूप मोठे असतील, अंगभर झपाट्याने पसरत असतील, किंवा मुलाची प्रतिकारशक्ती कमी असेल, एचआयव्ही असेल, केमो किंवा तशी औषधं चालू असतील, तर आम्ही वाट बघत बसत नाही. जांघेत किंवा लघवीच्या जागी दिसले तर बहुतेक वेळा मुलाच्याच हाताने तिकडे गेलेले असतात, लगेच मनात भलतं आणू नका, पण डॉक्टरला ती जागा एकदा दाखवा.

आणि एवढं सगळं कळूनही मूल शाळेत चिडवल्याने रडत असेल किंवा खाजेने रात्रीची झोप जात असेल तर काढायला हरकत नाही, ते कारण पण खरंच आहे. तेव्हा क्लिनिकमध्ये भूल देणारं क्रीम लावून, साधारण तासभर थांबून दाणे काढतात, पण ते क्रीम किती लावायचं हे मुलाच्या वजनावर ठरतं, म्हणून घरून पूर्ण ट्यूब चोपडून आणू नका, लहान मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो.