भाड्याने देण्यासाठी फ्लॅट विकत घेण्यापूर्वी ही आकडेमोड करा

पुण्यातील ८० लाखांचा फ्लॅट ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीसह तुम्हाला सुमारे ८६ लाखांना पडेल, आणि तुलना याच रकमेशी व्हायला हवी. महिना २२,००० रुपये भाड्यातून रिकामा राहणारा काळ, सोसायटीचे शुल्क, मालमत्ता कर आणि रंगरंगोटी वजा केल्यास, प्राप्तिकर न धरताही, वर्षाला १.९ लाख उरतील असे माना.

हेच पैसे इतरत्र १० टक्के देतील असे धरले, तर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढणाऱ्या दहा वर्षांच्या भाड्याचे आजचे मूल्य, म्हणजे तेवढे भाडे मिळवायला आज तिथे गुंतवावी लागणारी रक्कम, सुमारे १४ लाख होते. किंमतही ५ टक्क्यांनीच वाढली, तर दलाली आणि १२.५ टक्के भांडवली नफा कर वजा जाता विक्रीतून १२२ लाख मिळतील, ज्यांचे आजचे मूल्य केवळ ४७ लाख आहे. बेरीज ८६ लाखांऐवजी ६१ लाखांवर थांबते. इतरत्र मिळणाऱ्या परताव्याची अपेक्षा १० वरून ७ टक्क्यांवर आणली तरी ती ७९ लाखांपुढे जात नाही.

म्हणून भाड्यापेक्षा विक्रीच्या किमतीवर अधिक विचार करा. १० टक्क्यांची बरोबरी साधायला किंमत दहा वर्षे दरसाल जवळपास तितकीच वाढावी लागेल. त्याच परिसरातील जुन्या इमारतींचे प्रत्यक्ष नोंदणी झालेले व्यवहार पाहून, बिल्डरच्या दरपत्रकावर विसंबून न राहता, ही वाढ शक्य आहे का हे आधी तपासा.