कुम लाउडे म्हणजे सर्वोच्च सन्मान नव्हे

प्रश्न: भाचीनं जर्मनीतून पीएचडी केली, पदवीपत्रावर 'कुम लाउडे' आहे. राजारामपुरीत सत्कार ठेवलाय. फ्लेक्सवर 'सर्वोच्च सन्मानासह पीएचडी', 'आमच्या कॉलेजची अल्युमनी' आणि अध्यक्ष म्हणून आमचे निवृत्त सर 'प्रोफेसर एमेरिटस' असं छापू का?

उत्तर: दादा, फ्लेक्सवाल्याला थोडं थांबवा.

लॅटिनमध्ये कुम म्हणजे सह आणि लाउडे म्हणजे प्रशंसा. 'प्रशंसेसह' एवढाच त्याचा शब्दशः अर्थ. पण पदवीपत्रावर हा शब्द म्हणजे शिडीची एक पायरी असते, आणि शिडी प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीत पीएचडीला सगळ्यात वर सुम्मा कुम लाउडे, त्याखाली माग्ना कुम लाउडे, मग आपलं कुम लाउडे आणि त्याखाली रिटे, म्हणजे नियमापुरतं उत्तीर्ण. ताईंचा शेरा वरून तिसरा आहे, 'चांगला' या अर्थाचा. हाच शब्द नेदरलँड्सच्या पीएचडीवर असता, तर मी स्वतः हलगी लावली असती. तिथे बहुतेक ठिकाणी वरचा शेरा तेवढा एकच असतो आणि तो मोजक्यांनाच मिळतो. अमेरिकेत हे शब्द बहुतेक पहिल्या पदवीवर दिसतात. तिथे सुम्मा, माग्ना आणि नुसतं कुम लाउडे या तिन्हींतली कुम लाउडे ही खालची पायरी, आणि किती गुणांना कोणती, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं.

मी पदवीपत्रांची भाषांतरं करतो. सुरुवातीला एका जर्मन पदवीवरच्या याच शब्दाचं 'विशेष प्राविण्यासह' करून बसलो होतो. नोकरीच्या ठिकाणी कागद मूळ प्रतीशी ताडले गेले आणि त्या मुलालाच खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवतो आणि शेजारी त्या विद्यापीठाची पायरी लिहितो. ती विद्यापीठाच्या पीएचडी नियमावलीत सापडते. ताईंकडे असेलच, एकदा बघून घ्या. काही ठिकाणी पायऱ्यांत थोडा फरक असतो. फ्लेक्सवर 'जर्मनीतून पीएचडी (कुम लाउडे)' पुरे. जर्मन पीएचडी मुळातच काय कमी आहे होय?

अल्युमनी हे अनेकवचन आहे. 'अल्युमनी मेळावा' बरोबर, पण एकटा मुलगा अल्युम्नस आणि एकटी मुलगी अल्युम्ना. मुळात हा शब्द पोसलेल्या, वाढवलेल्या लेकरासाठीचा. सरळ 'माजी विद्यार्थिनी' लिहा, वाचणाऱ्यालाही बरं.

सरांचं मात्र जपून करा. रोमन सैन्यात नोकरीची मुदत पुरी केलेल्या शिपायाला एमेरिटस म्हणत, म्हणून लोकांना वाटतं निवृत्त झाला की झाला एमेरिटस. विद्यापीठांत तसं धरून चालत नाही. आपल्याकडे हा मान संस्था ठराव करून देते आणि तसं पत्र मिळतं. सरांकडे ते पत्र असेल तर खुशाल छापा. नसेल तर 'निवृत्त प्राध्यापक' लिहा, नाहीतर पहिल्या रांगेत बसलेले त्यांचेच सहकारी एकमेकांकडे बघतील.