मॅडमना काय लिहावं

प्रिय,

काल फोनवर म्हणालीस, "मॅडमना थँक यू पाठवायचंय, पण 'थँक यू फॉर एव्हरीथिंग'च्या पुढे काही सुचत नाही." ते वाक्य पाठवूच नकोस. निरोपाच्या कार्डावर ते वीसजणांनी लिहिलेलं असतं आणि त्यातल्या पंधराजणांना मॅडम नेमकं काय करत होत्या ते ठाऊक नसतं. तुला ठाऊक आहे.

१४ सप्टेंबर आठव. पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर बनणारी क्रेडिटची यादी, जीएसटीआर-२बी, आली, तू खात्याशी जुळवायला बसलीस आणि खरेदीवर भरलेल्या कराचं ४३,२०० रुपयांचं क्रेडिट कुठे दिसेना. मॅडमना कंपनी सोडून दोन आठवडे झाले होते. त्यांच्या हँडओव्हरच्या फाइलमध्ये मात्र हे होतं (तू मला वाचून दाखवलंस तेव्हा मी उतरवून घेतलं):

"अहमदाबादच्या पॅकिंगवाल्याची जुलैची दोन बिलं, १,५०,००० आणि ९०,०००, त्यावर १८ टक्के आयजीएसटी. बिलावर आपला पुण्याचा जीएसटी नंबर बरोबर आहे, पण रिटर्न भरताना त्यांनी आपल्या बंगळुरू शाखेचा टाकला. म्हणून ती बंगळुरूच्या २बीत दिसतात. तिथे क्रेडिट घेऊ नये. पुण्यातही अजून घेतलेलं नाही. २२ ऑगस्टला त्यांच्या अकाउंटंटशी बोलले, जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती करतो म्हणाले. अजून केलेली नाही."

आता ही नोंद नसती तर काय झालं असतं ते बघ. तू बिलं काढली असतीस, त्यावर नंबर बरोबर दिसला असता. मग पार्टीला फोन. ते म्हणाले असते, "आम्ही तर रिटर्न भरलंय," आणि ते खरंच होतं. पार्टी लहान, ई-इन्व्हॉइसच्या कक्षेत नाही, रिटर्न हाताने भरते. चूक कुठे झाली हे त्यांनाही दिसलं नसतं. या फोनाफोनीत महिना गेला असता. आणि तिकडे बंगळुरूच्या मुलाने, २बीत दिसतंय म्हणून, ते क्रेडिट घेऊन टाकलं असतं. वापरलं गेलं की ते व्याजासह उलटवायचं. माझ्या एका जुन्या नोकरीत अगदी असंच झालं होतं आणि सगळा राग निघाला तो सोडून गेलेल्या माणसावर.

मला त्या नोंदीतलं सगळ्यात मोलाचं वाटलं ते शेवटचं वाक्य, "अजून केलेली नाही." जाताना बहुतेक माणसं 'पार्टीशी बोलणं झालं आहे' असं लिहून मोकळी होतात. वाचणाऱ्याला वाटतं, काम झालं. मॅडमनी काम कुठे अडकलंय ते लिहिलं, आणि काय करायचं नाही तेही. 'बंगळुरूला घेऊ नये' हे सुचायला पुढच्या माणसाच्या खुर्चीत बसून विचार करावा लागतो.

तेव्हा मेसेज याच एका नोंदीबद्दल लिही. असं काहीतरी:

"मॅडम, पॅकिंगवाल्याची दोन बिलं १४ ऑक्टोबरच्या २बीत पुण्याला आली. तुमची नोंद वाचली त्याच दिवशी बंगळुरूला फोन केला होता, त्यांनी क्रेडिट घेतलं नव्हतं. नोंद नसती तर मी महिनाभर चुकीच्या जागी शोधत बसले असते. मनापासून आभार."

तुझ्या शब्दांत बदल, पण वाढवू नकोस. त्या फाइलमध्ये पार्टीचा फोन नंबर जुना होता, हे मला सांगितलंस तसं त्यांना सांगायची गरज नाही. नंबर तू फाइलमध्ये बदल, झालं. आणि "जाता जाता विचारते, ते टीडीएसचं..." असं तर मुळीच नको. आभाराच्या मागून प्रश्न आला की आभार लाच वाटतात. प्रश्न असेल तर आठवड्याने वेगळा फोन कर.

त्यांच्या स्वतःच्या नंबरवर पाठव. खात्याचा किंवा पोर्टलचा स्क्रीनशॉट मात्र जोडू नकोस. त्या आता दुसऱ्या कंपनीत आहेत आणि आकडे आपल्या कंपनीचे. म्हणूनच वरच्या मसुद्यात मी रक्कम आणि पार्टीचं नाव घातलेलं नाही. कुठली बिलं ते त्यांना बरोबर कळेल.

साहेबांनाही सांग, तोंडी नको, मेलवर. त्यांनी त्या फाइलकडे पाहिलंही नसेल. मॅडमबद्दल उद्या कुणी चौकशी केली तर सांगायला त्यांच्याजवळ निदान एक खरी गोष्ट असेल.

आणि आज पाठवू नकोस. २बीत दिसलं म्हणजे क्रेडिट मिळालं असं नाही, २० तारखेला ३बी, म्हणजे ज्यात क्रेडिट घ्यायचं ते रिटर्न, भरून होऊ दे. त्यांच्याही नव्या ऑफिसात २० तारीख असतेच. २१ ला संध्याकाळी पाठव.

तुझा,
काका