1 − cos(1/n) ची सिरीज कन्व्हर्ज होते का?

प्रश्न: बेळगावात बीएस्सीला आहे. Σ(1 − cos(1/n)) मध्ये टर्म झिरोकडे जाते, एवढ्यावर कन्व्हर्जंट म्हटलं तर चालतं का?

उत्तर: नाही चालत बघ, 1/n पण झिरोकडेच जातंय की, तरी त्याची सिरीज डायव्हर्ज होते. टर्म किती वेगानं लहान होते ते बघायचं. x लहान असला की cos x = 1 − x²/2 + x⁴/24 − …, म्हणजे x = 1/n घातलं की 1 वजा होऊन जातो आणि टर्म साधारण 1/(2n²) उरते. आता 1/n² शी लिमिट कम्पॅरिझन लाव, लिमिट 1/2 येतं, टर्म सगळ्या पॉझिटिव्ह आहेत, म्हणून कन्व्हर्जंट.

n = 10 घालून कॅल्क्युलेटरवर बघ, 0.004996 येतं आणि 1/200 म्हणजे 0.005, पण मोड रेडियनच पाहिजे हं, डिग्रीत 0.0000015 असलं काहीतरी येईल.

खरी गंमत 1 − cos(1/√n) मध्ये आहे, टर्म झिरोकडेच जाते पण x² आता 1/n झाला, टर्म 1/(2n) सारखी, म्हणून डायव्हर्जंट. cos तोच, आतली पॉवर बदलली की उत्तर उलटं. 1/nᵖ असेल तर 2p > 1 पाहिजे.