इफमध्ये हॅड आलं की पुढे वुड हॅवच?

प्रश्न: आमचे सर म्हणतात, इफच्या भागात हॅड असेल तर पुढच्या भागात वुड हॅव यायलाच हवं. पण सी-वन परीक्षेच्या सराव-पेपरच्या उत्तरांत काही ठिकाणी नुसतं वुड बी दिलंय. नेमकं कधी काय लिहायचं? आणि याच्यासाठी कुठलं पुस्तक घेऊ?

उत्तर:

सराव-पेपरची उत्तरं बरोबर आहेत आणि तुमच्या सरांचा नियम चूक आहे. इतकं सरळ लिहितेय, कारण नेमक्या याच नियमावरून माझं एका सहकाऱ्याशी जोरात वाजलं होतं आणि ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मी तेव्हा कोल्हापुरात एका क्लासमध्ये शिकवत होते. परदेशात नोकरी शोधणाऱ्या नर्सेसची आणि पुढे शिकायला जाणाऱ्यांची एक सी-वनची बॅच होती. व्याकरण एक वयाने मोठे सर घेत, लेखन आणि वाचन माझ्याकडे. एका संध्याकाळी बॅचमधली एक नर्स रात्रपाळीला जाण्याआधी माझ्याकडे आली आणि घडी घातलेला टेस्टचा पेपर टेबलावर उलगडून ठेवला. तिला मार्कांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, एकाच वाक्याबद्दल विचारायचं होतं.

दिलेला शब्द वापरून मूळ वाक्याच्याच अर्थाचं दुसरं वाक्य पुरं करायचं, असा तो प्रश्न. मूळ वाक्य असं होतं: सुरेश इज स्टिल इन हॉस्पिटल बिकॉज ही डिडन्ट टेक हिज मेडिसिन्स. दिलेला शब्द होता होम. आणि पुरं करायचं वाक्य: इफ सुरेश हॅड टेकन हिज मेडिसिन्स, ही ______ नाऊ.

तिने लिहिलं होतं, वुड बी ॲट होम. त्यावर लाल शाईची काट मारून सरांनी वर लिहिलं होतं, वुड हॅव बीन ॲट होम. ती म्हणाली, "मॅडम, सुरेश अजून ॲडमिटच आहे ना? मग हॅव बीन कशाला?" रोज वॉर्डात पेशंट बघणाऱ्या बाईला तो पेशंट आत्ता कुठे आहे एवढं लगेच कळलं होतं. वाक्याचा अख्खा निकाल त्यातच आहे.

मी पेपर घेऊन सरांकडे गेले. त्यांचं म्हणणं तुमच्या सरांसारखंच होतं. इफमध्ये पास्ट परफेक्ट आलं म्हणजे थर्ड कंडिशनल, आणि थर्डमध्ये वुड हॅव. दोन टाइप एकत्र करणं ही विद्यार्थ्याची चूक, तिला उत्तेजन द्यायचं नाही. मी विचारलं, "मग शेवटच्या नाऊचं काय करायचं?" ते म्हणाले, तो विद्यार्थ्याला फसवायला घातलेला शब्द आहे. मला राग आला तो या उत्तराचा. पेपर काढणारा रिकाम्या जागेच्या बाहेर जो शब्द ठेवतो तो पुरावा असतो. त्याला एकच उत्तर बरोबर ठरवायचं असतं, म्हणून तो काळ नक्की करणारा शब्द छापून ठेवतो. तो पुसून टाकून उत्तर शोधायचं म्हणजे प्रश्न वाचायचाच नाही.

आता मुद्द्याचं. इफचा भाग आणि निकालाचा भाग यांचे काळ वेगवेगळे ठरतात. इफच्या भागाला विचारायचं, ही गोष्ट कधीची? औषधं घेतली नाहीत ती मागे, संपलेली गोष्ट, म्हणून हॅड टेकन. मग निकालाच्या भागाला तोच प्रश्न पुन्हा, पहिल्याचं उत्तर विसरून. हॉस्पिटलमध्ये आहे तो आत्ता, म्हणून वुड बी. निकालही मागेच संपला असता, म्हणजे मूळ वाक्यात सुरेश वॉज इन हॉस्पिटल लास्ट वीक असं काही असतं, तर वुड हॅव बीन बरोबर ठरलं असतं. झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असा तक्ता पाठ करायला लावतात ना, त्याने हाच घोळ होतो. तक्त्यातली प्रत्येक ओळ अख्खी उचलायची सवय लागते आणि दोन भाग सुटे असू शकतात हे कुणी सांगतच नाही. माझ्या मते तो तक्ता बी-वनच्या पुढे उपयोगाचा राहत नाही.

शब्दमर्यादा वाचवेल असं समजू नका. सी-वनच्या या प्रश्नात दिलेल्या शब्दासकट तीन ते सहा शब्द लिहायचे असतात, दिलेला शब्द बदलायचा नसतो आणि वुडन्ट हे दोन शब्द धरले जातात. वुड बी ॲट होम हे चार शब्द, वुड हॅव बीन ॲट होम हे पाच. दोन्ही मर्यादेत बसतात, म्हणून शब्द मोजून चूक सापडत नाही. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण असतात आणि उत्तराचे दोन भाग सुटे तपासले जातात, त्यामुळे काळ चुकला तरी सगळंच जातं असं नाही. पण सरांच्या नियमाने लिहिलंत तर असा प्रत्येक प्रश्न तुम्हाला अर्ध्यावर आणून सोडणार.

त्या नर्सला मी आधी मराठीत म्हणून बघायला सांगितलं. "औषधं घेतली असती, तर सुरेश आत्ता घरी असता." कुणी न शिकवता आपण हे रोज बोलतो. "घरी आला असता" म्हटलं की लगेच "कधी, काल?" असा प्रश्न पडतो. म्हणजे मागची अट आणि आत्ताचा निकाल ही जोडी आपल्याला अंगवळणी पडलेली आहे, फक्त इंग्रजीच्या तासाला आपण ती विसरतो. पण ही कसोटी असणे, राहत असणे, काम करत असणे अशा चालू स्थितीलाच लागू पडते. "सुट्टी मिळाली असती तर मदत केली असती" हे मराठी वाक्य कालच्या मदतीलाही चालतं आणि आजच्याही. इंग्रजीत मात्र कालच्या मदतीला वुड हॅव हेल्प्ड आणि आजच्या मदतीला वुड हेल्प. तिथे कान मदत करत नाही, वाक्यातला आज किंवा काल शोधावाच लागतो.

प्रत्यक्ष सोडवताना मी मुलांना मूळ वाक्यातल्या वर्तमानकाळी क्रियापदाखाली रेघ मारायला लावते. इज, आर, कान्ट, इज वर्किंग, जे असेल ते. उत्तरात तेच क्रियापद, त्याच प्रकारात, वुडच्या नंतर आलं पाहिजे, फक्त होकार-नकार उलटून. हे वाक्य घ्या: आय डिडन्ट अक्सेप्ट द जॉब इन दुबई, सो आय ॲम स्टिल वर्किंग इन सांगली. रेघ ॲम वर्किंगखाली. उत्तर: इफ आय हॅड अक्सेप्टेड द जॉब इन दुबई, आय वुडन्ट स्टिल बी वर्किंग इन सांगली. इथे बहुतेक जण वुडन्ट वर्क लिहून मोकळे होतात आणि चालू असलेलं काम हरवून बसतात. दुसरी हमखास चूक म्हणजे एकच बाजू उलटवणं. डिडन्टचा होकार केला, पण ॲम वर्किंगचा नकार करायचा राहिला, की अर्थ नेमका उलटा होतो. मूळ वाक्यात कान्ट असेल तर वुडऐवजी कुड घ्या.

सी-वनला इफ दिसेलच असंही नाही. हॅड सुरेश टेकन हिज मेडिसिन्स, ही वुड बी ॲट होम नाऊ, हे तेच वाक्य आहे, इफ काढून हॅड पुढे आणलंय. नकार असेल तर हॅड ही नॉट इग्नोअर्ड असं लिहायचं. हॅडन्ट ही असं सुरू करायचं नाही. तसंच इफ इट हॅडन्ट बीन फॉर माय सिस्टर्स हेल्प, आय वुडन्ट बी स्टडिंग हिअर नाऊ. वाक्याचा चेहरा बदलला तरी निकालाच्या भागाला विचारायचा प्रश्न तोच, कधी?

माझ्या त्या सहकाऱ्यांनी शेवटपर्यंत मार्क बदलला नाही. "परीक्षेत सेफ राहावं," एवढंच म्हणाले. वुड हॅव लिहिणं सेफ आहे ही समजूतच मला मान्य नाही. निकाल आत्ताचा असताना ते लिहिलं की गुण जातो, यात सेफ काय आहे? तुमच्या सरांनी तुमचा असा मार्क कापला असेल तर गप्प बसू नका. पेपर घेऊन जा, नाऊवर बोट ठेवा आणि सुरेश आत्ता कुठे आहे ते त्यांनाच सांगायला लावा. विद्यार्थी उलट विचारत नाहीत म्हणून हे नियम वर्षानुवर्षं वर्गात फिरत राहतात.

दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात, नाहीतर तुम्हीही नाऊ दिसलं की डोळे मिटून वुड बी लिहाल. एक, बाय नाऊ वेगळं आहे. इफ वुई हॅड लेफ्ट ॲट सिक्स, वुई वुड हॅव अराइव्ह्ड बाय नाऊ हे अगदी बरोबर वाक्य आहे, कारण पोचणं या क्षणाच्या आधीच उरकलेलं असतं. तुमच्या सरांनी असं वाक्य पुढे केलं तर त्या वाक्यापुरतं त्यांचं खरं आहे. दुसरं, मूळ वाक्यातलं कारण मागचं नसून कायमचं असेल, म्हणजे बिकॉज ही इज केअरलेस असं काही, तर इफच्या भागात हॅड येणारच नाही, तिथे इफ ही वर केअरफुल किंवा इफ ही वरन्ट केअरलेस येईल. त्याचा निकाल मागचा असेल तर पुढे वुड हॅव. ही जोडी तुम्ही विचारलेल्या जोडीच्या बरोबर उलटी आहे आणि परीक्षेत तीही येते.

पुस्तकाचं म्हणाल तर एकाचं नाव घेऊन उपयोग नाही. दुकानात चाळताना मिक्स्ड कंडिशनलचं, म्हणजे दोन वेगळ्या काळांच्या अशा जोड्यांचं, पान उघडा. तिथे नुसता तक्ता आणि जोड्या लावा असेल तर ठेवून द्या. मूळ वाक्य, दिलेला शब्द आणि रिकामी जागा अशा रूपात वाक्यं असतील, आणि थर्डची वाक्यं त्यांत मिसळलेली असतील, तर घ्या. एकाच प्रकारची वाक्यं सलग सोडवून उत्तर हाताला पाठ होतं, कुठलं कधी ते मात्र ओळखता येत नाही.