पॅकिंग डिझाइनच्या करारात मालकी शेवटच्या हप्त्याला बांधा

प्रश्न: मी खानापूरहून पॅकिंग डिझाइनची कामं घेते. बेळगावच्या एका मिठाईवाल्यांशी पहिल्यांदाच लेखी करार करायचाय. काम, दुरुस्त्या, पैसे आणि मालकी याबद्दल काय लिहू?

उत्तर:
मी शहापुरात हेच काम करतो. एकदा एका कुंदेवाल्यांच्या करारात नुसतं 'पॅकिंग डिझाइन' लिहिलं. मग खोक्याबरोबर पिशवी आली, दुकानाचा बोर्डही आला. फाईल आधीच दिली होती, शेवटचा हप्ता काही आला नाही. तेव्हापासून मी मोजून लिहितो.

समजा काम 20,000 रुपयांचं आहे. 'अर्धा किलो कुंद्याचा एक खोका, एक लेबल, मजकूर तीन भाषांत' असं लिहा. मजकूर तपासून, युनिकोडमध्ये देणं त्यांच्याकडे ठेवा. आपल्याकडे कन्नड मजकूर अजून जुन्या नुडी फाँटमध्ये येतो. तो तसाच युनिकोड फाँटमध्ये टाकला की अक्षरं मोडतात आणि सगळं कन्व्हर्टरने बदलून पुन्हा तपासावं लागतं.

दुरुस्तीच्या दोन फेऱ्या द्या, पण फेरी म्हणजे काय तेही लिहा: एका यादीत एकदम दिलेले सगळे बदल. नाहीतर सकाळी रंग, संध्याकाळी अक्षरं असं महिनाभर चालतं. मंजूर झालेल्या डिझाइनऐवजी नवी कल्पना हवी असेल तर ते नवं काम, त्याचा दर आधीच ठरवा. आणि मंजुरी कोण देणार ते एकच नाव लिहा. दुकान बापलेकांचं असेल तर हे वाक्य विसरूच नका.

पैसे असे: सुरुवातीला 8,000, मंजुरीला 8,000, छपाईची फाईल देण्याआधी 4,000. दुसऱ्या हप्त्यात एक पळवाट राहते. त्यांनी उत्तरच दिलं नाही तर मंजुरी नाही, म्हणून पैसेही नाहीत. म्हणून लिहा: 'नमुना पाठवल्यापासून 10 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास दुसरा हप्ता देय होईल.'

मालकीत बहुतेक जण चुकतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने काढलेल्या डिझाइनचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो, नुसते पैसे दिल्याने तो जात नाही. तो देण्यासाठी तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर 5 वर्षांचंच, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच धरलं जातं. म्हणून त्यांनाही हे वाक्य पटतं: 'पूर्ण रक्कम जमा झाल्यावर मंजूर डिझाइनचे सर्व हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी हस्तांतरित होतील.' नाकारलेले नमुने तुमचेच, हेही जोडा. कोरलड्रॉची मूळ फाईल द्यायची की नाही, ते वेगळं लिहा, कारण हक्क देणं आणि ती फाईल देणं या दोन गोष्टी आहेत.

खोक्यावर कुंद्याचा फोटो तुम्हीच काढणार असाल तर सावध राहा. पैसे घेऊन, त्यांच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, गिऱ्हाईकच असतो. त्यामुळे शेवटच्या हप्त्याची अट फोटोंनाही लागू आहे, असं स्पष्ट लिहून घ्या.