दुपारीच नेट रांगायला लागलं तर

भाऊ, सिम बदलू नको, टॉवरलाही शिव्या देऊ नको. तुझा दिवसाचा दीड जीबी संपलाय. त्यानंतर कंपनी नेट बंद करत नाही, वेग बहुतेक ६४ केबीपीएसवर आणते. हे बिट असतात, म्हणून आठाने भाग: सेकंदाला ८ केबी. केळीच्या करप्याचा २ एमबीचा फोटो जळगावच्या कृषी केंद्राला धाडायला चारेक मिनिटं लागतील. मेसेज जातो, व्हिडिओ मात्र गोल फिरत बसतो.

नवीन माणूस फसतो तो ऑटो-डाउनलोडमध्ये. भावकीच्या ग्रुपवरचे फोटो, आणि सेटिंग चालू असेल तर व्हिडिओही, तू न बघताही उतरतात! व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’त जाऊन ते आधी बंद कर.

कोटा सहसा रात्री बाराला भरतो, रिचार्ज केलेल्या वेळेला नाही. अडलंच तर छोटं डेटा पॅक मार.